मुलाखतीची वेळ बदलून मागताना

(शाळेच्या हीरकमहोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



आयोजकांनी मला ‘नोकरीच्या वाटेवर’ असा प्रशस्त विषय दिला होता. तेवढ्या मोठ्या वाटेवरचा एकच छोटासा टप्पा मी आज निवडला आहे. मुलाखतीचे बोलावणे येते, आणि नेमक्या त्याच वेळी दुसरे एखादे न टाळता येणारे काम असते. अशा वेळी तारीख बदलून कशी मागावी, आणि ती मागताना आपल्याविषयीचे मत बिघडू नये म्हणून काय करावे, एवढाच माझा विषय. नोकरभरतीच्या कामात अनेक वर्षे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसल्यामुळे या विनंत्या तिकडे पोहोचल्यावर त्यांचे काय होते, हे मी जवळून पाहिले आहे.

प्रथम पलीकडची बाजू समजून घेऊ. उमेदवाराला वाटते की आपल्याला ‘कंपनीने’ बोलावले आहे. वास्तविक त्याला पत्र पाठविणारी व्यक्ती मुलाखत घेणारी नसतेच. मुलाखतींचे वेळापत्रक जुळविणारी ती एक समन्वयक असते. मुलाखत घेणारे दोन किंवा तीन अधिकारी आपले रोजचे काम सांभाळून त्यासाठी तासभर काढतात. तिघांचा एकच तास मोकळा सापडला की तो ती तुम्हाला कळविते. तुम्ही वेळ बदलून मागता तेव्हा तिला पुन्हा तिघांची दिनदर्शिका उघडावी लागते. या कामाला तिची ना नसते, कारण ते तिच्या रोजच्या कामाचाच भाग आहे. तिला त्रास होतो तो दोन गोष्टींचा: विनंती उशिरा आली तर, आणि विनंतीत पर्यायी वेळ दिली नसेल तर. पहिल्या प्रकारात अधिकाऱ्यांचा राखलेला तास वाया जातो. दुसऱ्यात साध्या एका बदलासाठी चार पत्रे इकडून तिकडे जातात. वेळ बदलण्याच्या विनंतीने मत बिघडत असेल तर ते बहुधा या दोन कारणांनी बिघडते. अडचण आली या कारणाने सहसा नाही.

आता अडचण खरी म्हणजे काय, हे ठरवू. माझी कसोटी सोपी आहे. दोन कामांपैकी दुसरे काम हलविण्याचा प्रयत्न तुम्ही करून पाहिला आहे का, आणि ते हलत नाही हे तुम्हाला कळले आहे का? विद्यापीठाची परीक्षा, आधी ठरलेली शस्त्रक्रिया, सख्ख्या बहिणीचे लग्न, सध्याच्या नोकरीतील अशी जबाबदारी की जिथे त्या दिवशी आपल्या जागी दुसरे कोणी उभे राहू शकत नाही, या खऱ्या अडचणी. गाडीचे आरक्षण, दूरच्या नात्यातील समारंभ, ‘तयारीला वेळ हवा’ ही भावना, या अडचणी नव्हेत. तयारीसाठी वेळ हवा असेल तर तो मागू नये असे नाही. पण त्यावर आजारपणाचे पांघरूण घालू नये. खोटे कारण पुढे आठवणीत ठेवावे लागते, आणि मुलाखतीत कोणी सहज ‘आता प्रकृती कशी आहे?’ असे विचारले की चेहरा उत्तर देतो.

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. आपल्या घरी ज्या दिवशी गणपती बसतात, तो दिवस दुसऱ्या प्रांतातील कार्यालयात साधा कामाचा दिवस असू शकतो. तिथल्या समन्वयकाला ते ठाऊक नसणे स्वाभाविक आहे. घरची पूजा तुमच्याच हातून व्हायची असेल तर तसे एका वाक्यात सांगावे. कोणी वाईट मानीत नाही. मात्र सणाची तारीख पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते. म्हणून ती वेळ ठरविताना सांगायची असते, ठरल्यानंतर नव्हे.

आता एक उदाहरण पायरीपायरीने पाहू. समजा, पदवीच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी आहे. सोमवारी दुपारी ४ वाजता तिला ई-मेल येतो: गुरुवारी सकाळी ११ वाजता व्हिडिओद्वारे एक तासाची मुलाखत. गुरुवारी सकाळी १० ते १ तिची प्रात्यक्षिक परीक्षा आहे.

तिने पहिले काम करायचे ते महाविद्यालयात विचारण्याचे. प्रात्यक्षिक परीक्षा तुकड्यांमध्ये होतात आणि कधीकधी सकाळच्या तुकडीतून दुपारच्या तुकडीत जाता येते. तसे झाले तर कंपनीला काही सांगण्याचीच गरज उरत नाही. समजा, विभागप्रमुख म्हणतात की बाह्य परीक्षक एका दिवसासाठीच येत आहेत, तुकड्या आसनक्रमांकानुसार लागल्या आहेत, बदल होणार नाही. हे विचारायला अर्धा तास गेला. पण आता तिच्याजवळ एक भक्कम वाक्य आहे: ‘मी विचारून पाहिले, ते बदलत नाही.’

दुसरे काम म्हणजे पर्यायी वेळा ठरविणे. परीक्षा १ वाजता संपते, तेव्हा २ ची वेळ द्यावी असे वाटेल. ती देऊ नये. तोंडी परीक्षा लांबते, शेवटच्या क्रमांकांना थांबावे लागते, घरी पोहोचायला वेळ लागतो. एकदा बदलून घेतलेल्या मुलाखतीला उशीर होणे हे मूळ बदलापेक्षा कितीतरी वाईट. म्हणून तिने ‘गुरुवारी दुपारी साडेतीननंतर’ असे म्हणावे, आणि शुक्रवारचा पूर्ण दिवस द्यावा. पर्याय मूळ दिवसाच्या जितके जवळ, तितकी तुमची उत्सुकता न सांगता कळते. ‘पुढच्या आठवड्यात केव्हाही’ हे ऐकायला उदार वाटते. पण तोवर इतर उमेदवारांच्या मुलाखती संपून निर्णयही झालेला असू शकतो.

तिसरे काम म्हणजे कळविणे, आणि ते त्याच दिवशी, कार्यालय बंद होण्याआधी. बोलावण्यात दूरध्वनी क्रमांक असेल तर आधी फोन, मग लगेच ई-मेल. आपल्या मुलांना इथे संकोच होतो. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलामुलींना फोनवर अचानक इंग्रजी बोलण्याची धास्ती वाटते, आणि मग ती रात्री ११ वाजता लांबलचक पत्र लिहितात. त्यांना माझे सांगणे असे की फोनवर तीनच वाक्ये बोलायची असतात: मी कोण, कोणत्या मुलाखतीविषयी बोलत आहे, आणि त्या वेळेला परीक्षा असल्याने वेळ बदलण्याची विनंती करणारे पत्र आता पाठवीत आहे. ही तीन वाक्ये कागदावर लिहून समोर ठेवावीत. समोरची व्यक्ती हिंदीत बोलली तर हिंदीत बोलावे.

पत्र प्रत्यक्षात बहुधा इंग्रजीत जाईल. पण त्याची घडण मराठीत समजून घेतली तर इंग्रजी आपोआप सरळ येते. ते असे असावे:

‘विषय: गुरुवार, सकाळी ११ ची मुलाखत : वेळ बदलण्याची विनंती (उमेदवाराचे नाव, पदाचे नाव)

महोदया, गुरुवारच्या मुलाखतीसाठी बोलावल्याबद्दल आभारी आहे. त्याच दिवशी सकाळी १० ते १ माझी विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. ती दुसऱ्या तुकडीत देता येईल का, हे मी आज विभागप्रमुखांना विचारले. परंतु ते शक्य नाही. मुलाखत पुढीलपैकी एखाद्या वेळी होऊ शकेल का: गुरुवारी दुपारी ३.३० नंतर, किंवा शुक्रवारी सकाळी १० ते सायंकाळी ५ या वेळेत केव्हाही? सर्व वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार आहेत. या वेळा सोयीच्या नसल्यास आपण अन्य वेळ सुचवावी. परीक्षेचे वेळापत्रक हवे असल्यास पाठवीन. या बदलामुळे आपल्याला होणाऱ्या त्रासाबद्दल दिलगीर आहे. या पदासाठी आपली भेट घेण्यास मी उत्सुक आहे.’

खाली नाव आणि फोन क्रमांक. एवढेच पत्र.

या पत्रात काय आहे आणि काय नाही, ते पाहा. विषयाच्या ओळीत मूळ वेळ आणि नाव आहे, कारण समन्वयक दिवसाकाठी अनेक उमेदवारांची पत्रे उघडते. केवळ ‘विनंती’ असा विषय लिहिला तर तुमचे पत्र कोणत्या मुलाखतीचे हे तिला शोधावे लागते. पत्र नव्याने न लिहिता बोलावण्याच्या पत्रालाच उत्तर म्हणून पाठवावे, म्हणजे आधीचा मजकूर खाली राहतो. कारण तीन वाक्यांत संपते. दिलगिरी एकदाच आहे. आपल्या मराठी पत्रव्यवहारात ‘तसदीबद्दल क्षमस्व’, ‘कृपया गैरसमज नसावा’, ‘लोभ असावा’ अशी विनयाची वळणे असतात आणि ती तिथे शोभतात. तीच सगळी इंग्रजीत उतरविली की पत्र अपराध्यासारखे दिसू लागते, आणि वाचणाऱ्याला शंका येते की कारण जितके साधे सांगितले आहे तितके ते आहे ना. पुराव्याची कागदपत्रे आपणहून जोडण्याची गरज नसते. हवी असल्यास पाठवू, एवढे पुरते. कारण वैद्यकीय असेल तर ‘आधी ठरलेला वैद्यकीय उपचार’ एवढे शब्द पुरेत. आजाराचे नाव आणि तपासणीचे अहवाल पाठवू नयेत.

अडचण दुसऱ्या कंपनीच्या मुलाखतीची असेल तर काय सांगावे, असे मला नेहमी विचारले जाते. ‘त्या वेळी माझी आधी ठरलेली बांधिलकी आहे’ हे वाक्य खरे आहे आणि पुरेसे आहे. दुसऱ्या कंपनीचे नाव सांगू नये. जी मुलाखत आधी स्वीकारली ती पाळावी आणि नंतर आलेली बदलून मागावी, हा न्याय सोपा आहे. नोकरीत असलेल्यांनीही एवढेच सांगावे की कार्यालयीन जबाबदारी आहे. सध्याच्या मालकाच्या कामाचा तपशील पुढच्या मालकाला सांगणारा उमेदवार त्या दिवशी उत्तम दिसला तरी विश्वासाचा वाटत नाही.

आपल्या उदाहरणाकडे परत येऊ. सोमवारी साडेपाचला तिने फोन करून पत्र पाठविले. मंगळवारी दुपारपर्यंत उत्तर नाही. इथे सर्वांत मोठी चूक घडते ती अशी की उमेदवार मनाशी धरून चालतो की मागितले म्हणजे मिळाले. उत्तर येईपर्यंत मूळ वेळ कायम असते. दिनदर्शिकेत आलेल्या आमंत्रणावर ‘नवी वेळ सुचवा’ असे बटण असते. ते दाबले तरी तो केवळ प्रस्ताव असतो आणि तो पलीकडे कोणी पाहीलच असे नाही. म्हणून मंगळवारी दुपारी तिने एकदा शांतपणे फोन करावा: ‘काल पत्र पाठविले होते, ते आपल्याला मिळाले का, एवढेच विचारायचे होते.’

समजा, समन्वयक म्हणते की शुक्रवारी एक अधिकारी प्रवासात आहेत, गुरुवारी साडेचारला जमेल का? तिने तिथल्या तिथे हो म्हणावे आणि लगेच एका ओळीचे पत्र पाठवावे: ‘गुरुवार, दुपारी ४.३० ही वेळ मला मान्य आहे, आभारी आहे.’ मग नवे आमंत्रण आले का ते पाहावे. व्हिडिओचा दुवा बदललेला असू शकतो. जुन्या दुव्यावर एकटेच वाट पाहत बसलेले उमेदवार मी पाहिले आहेत. जुने आमंत्रण दिनदर्शिकेतून गेले आहे आणि नवे आले आहे, याची खात्री बुधवारीच करून घ्यावी. आणि मुलाखतीच्या आरंभी ‘वेळ बदलून दिल्याबद्दल आभार’ एवढे एक वाक्य बोलून विषय संपवावा. परीक्षेची हकीकत सांगत बसू नये. त्यांचा तास तुमच्या कामाविषयी ऐकण्यासाठी आहे.

मुलाखत घेणारे परदेशात असतील तर वेळेच्या हिशेबात आणखी एक खाच आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे होतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. आपली मात्र वर्षभर तीच असतात. न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे हिवाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात, तर उन्हाळ्यात साडेसहा. वेळ बदलताना नवी तारीख त्या रविवारच्या पलीकडे गेली तर तासाचा घोटाळा होतो. म्हणून पत्रात दोन्हीकडची वेळ लिहावी.

आता या सगळ्याच्या मर्यादा. जिथे वेळ बदलतच नाही अशी ठिकाणे आहेत. संघ लोकसेवा आयोग व्यक्तिमत्त्व चाचणीची तारीख आणि वेळ कळविताना स्पष्ट सांगतो की बदलाच्या विनंतीचा सामान्यतः विचार होणार नाही. सरकारी बँकांच्या सामायिक भरतीतही असाच नियम असतो. तिथे माझा सगळा सल्ला उलटा फिरतो: मुलाखत जागेवर ठेवून दुसरे काम हलविण्याचा प्रयत्न करायचा, आणि त्यासाठी मुलाखतीचे पत्र महाविद्यालयाला किंवा सध्याच्या कार्यालयाला दाखवायचे. महाविद्यालयात येऊन होणाऱ्या निवडीच्या दिवशीही कंपनीला परस्पर पत्र लिहू नये; विनंती महाविद्यालयाच्या प्लेसमेंट कार्यालयामार्फतच जावी. भरती संस्थेने मुलाखत ठरविली असेल तर त्या संस्थेलाच कळवावे. मधल्या माणसाला वगळले की तो दुखावतो आणि कंपनीलाही दोन ठिकाणांहून दोन निरोप जातात.

दुसरी मर्यादा संख्येची. एकदा बदललेली वेळ दुसऱ्यांदा मागण्याची पाळी आली तर मत बदलते, कारण कितीही खरे असो. म्हणूनच पर्यायी वेळा देण्यापूर्वी त्या आपल्याकडून पक्क्या आहेत का हे तपासायचे. आणि कधी कंपनी नाहीच म्हणते. तेव्हा दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते. मुलाखत सोडायची ठरविली तर त्याच दिवशी तसे कळवावे, म्हणजे तो तास दुसऱ्या उमेदवाराला मिळतो. न सांगता गैरहजर राहणाऱ्याची नोंद राहते. सांगून माघार घेणाऱ्याला पुढच्या भरतीत पुन्हा बोलावलेले मी पाहिले आहे.

शेवटी पालकांना एक विनंती. मुलाच्या वतीने कंपनीला फोन करू नका. आपल्या प्रेमापोटी आपण तो करतो; पण पलीकडे असा प्रश्न उठतो की जो स्वतःची वेळ स्वतः मागू शकत नाही तो ग्राहकाशी काय बोलणार. याला एकच अपवाद आहे. मुलगा रुग्णालयात असेल, किंवा घरात मृत्यू घडला असेल, तर कोणीही, कोणत्याही वेळी फोन करावा: उमेदवाराचे नाव, मुलाखतीची वेळ, काय घडले ते एका वाक्यात, आणि तो स्वतः केव्हा संपर्क साधील ते. एवढे पुरते. अशा वेळी सुसंस्कृत माणसे पुढचे विचारीत नाहीत. इतर वेळी आपण घरी बसून त्याचे पत्र वाचून द्यावे, फोनची तीन वाक्ये त्याच्याकडून दोनदा म्हणवून घ्यावीत, आणि फोन त्याच्या हाती द्यावा.